जुना फ्रिज घेण्याआधीचे दोन तास

जुना फ्रिज तपासायचा असेल, तर तो बंद आणि खोलीइतकाच गरम असताना हाती यायला हवा. विकणारा बहुधा उलट करतो. ग्राहक येणार म्हणून आदल्या रात्रीच फ्रिज लावून ठेवतो, आणि दार उघडले की थंड झोत अंगावर येतो. त्या थंडाव्यावरून काहीच कळत नाही. गॅस निम्मा उडालेला फ्रिजही रात्रभर अखंड चालला, तर सकाळी बऱ्यापैकी गार लागतो. कॉम्प्रेसर सुरू होताना कसा आवाज करतो, थंडी किती वेळात धरतो आणि पुरेसे गार झाल्यावर थांबतो की नाही, हे तिन्ही प्रश्न आधीच चालू असलेल्या फ्रिजपुढे उभे राहून सुटत नाहीत. म्हणून फोनवर बोलतानाच सांगावे, की आदल्या रात्री बटण बंद करून, दार किंचित उघडे ठेवून फ्रिज रिकामा करून ठेवा. आपण पोहोचलो आणि फ्रिज गारच निघाला, तर त्या दिवशी तपासणी झाली नाही असेच धरावे.

येथे मुख्यतः एका दाराच्या, १८० ते २०० लिटरच्या साध्या फ्रिजचा विचार केला आहे. जुन्या बाजारात सर्वांत जास्त तोच दिसतो, आणि त्याची तपासणी सामान्य माणसाला स्वतः करता येते, कारण त्याचा फ्रीझर डोळ्यांसमोर असतो. लागणारे सामान थोडे आहे: एक टॉर्च, एक कोरी नोट, शक्यतो वायरला सेन्सर असलेला छोटा डिजिटल थर्मामीटर आणि हातात दोन-अडीच तास.

फ्रिज लावण्याआधी तो भिंतीपासून पुढे ओढून मागची बाजू पाहावी. तेथे किंवा आतल्या भिंतीवर कंपनीची पट्टी असते. तिच्यावर मॉडेल, अनुक्रमांक, गॅसचा प्रकार आणि वजन लिहिलेले असते. आर-१२ असे लिहिले असेल, तर विषय तेथेच संपवावा; ओझोनच्या थराला घातक असलेले हे गॅस मॉन्ट्रियल करारानुसार भारतात २०१० पासून बंद झाले, आणि एवढ्या जुन्या फ्रिजचे इन्सुलेशनही थकलेले असते. आर-१३४ए आणि आर-६००ए हे आजचे नेहमीचे गॅस. आर-६००ए ज्वलनशील आहे आणि घरगुती फ्रिजमध्ये तो जेमतेम ३० ते ६० ग्रॅम असतो. इतक्या थोड्या गॅसमधून पाच-दहा ग्रॅम निसटले, तरी थंडीवर परिणाम दिसतो.

पट्टी वाचून झाली की तळाशी कॉम्प्रेसरच्या खोबणीत टॉर्च मारावा. काळ्या घुमटासारख्या कॉम्प्रेसरमधून नळ्या बाहेर पडतात. त्यांतली एक छोटी नळी टोकाला बंद केलेली असते. गॅस याच नळीतून भरतात. तिच्यावर नंतर डाग दिलेला, व्हॉल्व्ह बसवलेला किंवा नळी कापून पुन्हा दाबलेली दिसली, तर फ्रिजमध्ये एकदा तरी गॅस भरला गेला आहे. एवढ्यावरून फ्रिज टाकाऊ ठरत नाही. पण गॅस कधी संपत नाही, तो फक्त गळतो. म्हणून गळती कोठे होती आणि ती बुजवली का, हे विचारावेच लागते. ‘दर दोन वर्षांनी गॅस भरावा लागतोच’ असे उत्तर आले, तर गळती अजून चालू आहे असे समजावे. नळ्यांच्या जोडांवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग असेल, तर तीही गळतीची खूण आहे, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे थोडे तेलही बाहेर येते.

गंज पाहण्याची वेळ हीच. गंज कोठे आहे यावर त्याची किंमत ठरते, किती आहे यावर नाही. दाराच्या खालच्या कडेला, पायांना आणि तळाच्या पट्टीला लागलेला गंज बहुतेक फरशी पुसताना लागलेल्या पाण्याचा असतो. तो दिसायला वाईट, पण थंडीशी त्याचा संबंध नाही. घासून रंग लावला की भागते. तळाचा पत्रा मात्र अंगठ्याने दाबून पाहावा. पापुद्रा निघाला किंवा पत्रा आत गेला, तर कॉम्प्रेसर ज्या पट्टीवर बसतो तीही कमजोर झाल्याची शक्यता असते.

खरी धास्ती घ्यावी अशी जागा म्हणजे दार जिथे टेकते ती चौकट. अनेक फ्रिजमध्ये या चौकटीच्या पत्र्याला आतून चिकटून गरम गॅसची नळी फिरवलेली असते. दमट हवेत चौकटीवर पाणी साचू नये, यासाठी ही सोय आहे. चौकटीवरचा रंग फुगून आलेला असेल आणि दाबल्यावर खालून तांबडी भुकटी निघत असेल, तर पत्र्याबरोबर नळीही आतून गंजत असण्याचा संभव असतो. ही नळी फोममध्ये गाडलेली असल्याने ती फुटली तर सरळ दुरुस्त करता येत नाही. मेकॅनिक ती वगळून बाहेरून नवी जाळी जोडतात. तो खर्च जुन्या फ्रिजला परवडत नाही. ज्या फ्रिजच्या मागे काळी जाळी दिसत नाही, त्याची गरम नळी दोन्ही बाजूंच्या पत्र्यांमागे असते. तेथे बाजूच्या पत्र्यावरचे फुगे तितकेच गंभीर मानावेत.

कोकण, मुंबई आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत आणखी एक जागा तपासावी लागते. मागच्या बाजूला तांब्याची नळी लोखंडी नळीला जिथे जोडलेली असते, तो जोड. दोन धातू एकत्र आले आणि त्यांवर खारट ओल राहिली, की लोखंडाची बाजू वेगाने खाल्ली जाते. नळीवर वरवरची तांबूस छटा चालते, पण खड्डे पडलेले असतील तर ती नळी फार दिवसांची नाही.

नव्याने रंगवलेला फ्रिज पाहिला की लगेच खूश होऊ नये. बाहेरचा रंग चकचकीत आणि मागची खोबणी मात्र कुबट, अशी विसंगती असेल तर रंगाने काय झाकले ते शोधावे. मोठे स्टिकर कोठे चिकटवले आहेत, तेही पाहावे. पूरग्रस्त भागातून आलेल्या फ्रिजबाबत ही दक्षता जास्तच लागते. मुंबईत २००५ साली, सांगली-कोल्हापुरात २०१९ साली, चिपळूणला २०२१ साली घराघरांत पाणी शिरले. अशा पाण्यात उभा राहिलेला फ्रिज बाहेरून धुता येतो, पण स्क्रूच्या खाचेत, दाराच्या रबराच्या घडीत आणि कॉम्प्रेसरच्या तारांवरच्या झाकणाआड बारीक गाळ राहतोच. तळाच्या फोममध्ये पाणी शिरले असेल तर इन्सुलेशन गेलेले असते आणि ते बदलता येत नाही. गाळ दिसला तर फ्रिज घेऊ नये.

आता दाराचे रबर, म्हणजे गॅस्केट. या रबराच्या पोकळीत चुंबकीय पट्टी असते आणि तिच्यामुळे दार चौकटीला ओढून धरले जाते. आधी रबर बोटांनी दाबून पाहावे. चांगले रबर मऊ असते, दाबले की पुन्हा वर येते. कडक झालेले, घडीत चिरलेले किंवा चपटे होऊन बसलेले रबर लगेच कळते. घडीत काळी बुरशी असेल तर ती साबणाने निघते का, ते पाहावे. बुरशी दीर्घकाळच्या ओलीची खूण असते, आणि ओल बहुधा रबर नीट न टेकल्यामुळे येते.

मग नोटेची परीक्षा. नोट अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावावे आणि हलक्या हाताने ओढावी. ओढताना अडकल्यासारखी वाटली पाहिजे. ही परीक्षा चारही कोपऱ्यांत आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर करावी. एका जागी नोट घट्ट बसली म्हणून समाधान मानू नये. बिजागरीच्या बाजूचा खालचा कोपरा सर्वांत आधी सैल होतो आणि तोच कोणी तपासत नाही. दुसरी युक्ती मोबाइलचा टॉर्च चालू करून आत ठेवण्याची. खोलीत अंधार केला की जिथे फट असेल तिथे उजेडाची रेघ दिसते.

नोट सुटली म्हणजे दोष रबराचाच, असे मात्र नाही. दार लोंबले असेल, तर चांगले रबरही एका कोपऱ्यात टेकत नाही. दार अर्धे उघडून त्याची मोकळी कड वर उचलून पाहावी. ती सहज वर-खाली हलत असेल, तर बिजागरी किंवा तिची बुशिंग झिजली आहे. तेथे नवे रबर घालून उपयोग नाही, आधी दार सरळ करायला हवे. उलट रबर फक्त दबून चपटे झाले असेल, तर गरम पाण्यात पिळलेले फडके त्यावर धरले की ते बऱ्याचदा पुन्हा फुगते. खाचेत बसणारे रबर बदलणे सोपे असते आणि त्याची किंमत काही शेकड्यांत असते. तेव्हा रबर खराब असणे हे फ्रिज नाकारायचे कारण नाही, भाव उतरवायचे कारण आहे. फक्त त्या मॉडेलचे रबर अजून मिळते का, हे दुकानात आधी विचारून घ्यावे.

आतला फ्रीझरही बंद असतानाच पाहावा. त्याचा डबा ॲल्युमिनियमचा असतो आणि गॅसच्या वाटा त्याच्याच पत्र्यात फुगवून काढलेल्या असतात. साचलेला बर्फ सुरीने किंवा उलथन्याने खरवडण्याची घरोघरी सवय असते. एक टोचणी खोल गेली की तेथून सगळा गॅस जातो. डब्यावर इपॉक्सीचा लेप किंवा रंगाचा ठिपका दिसला, तर छिद्र बुजवलेले आहे. लेप चांगला दिला असेल तर तो वर्षानुवर्षे टिकतो, नाहीतर काही महिन्यांत सुटतो, आणि बाहेरून यातला फरक ओळखता येत नाही.

यानंतर फ्रिज सपाट जागी उभा करून, थर्मामीटरचा सेन्सर मधल्या कप्प्यावर लटकता ठेवून बटण चालू करावे. घड्याळाची वेळ लिहून ठेवावी. प्लगच्या पिना काळ्या किंवा वितळलेल्या नाहीत ना, तेही याच वेळी पाहावे.

पहिल्या काही क्षणांत कान द्यायचा. कॉम्प्रेसर एका हलक्या धक्क्याने सुरू होऊन लगेच एकसारखी गुणगुण धरतो. तो सुरू न होता नुसता घुंऽऽ करत राहिला, आणि काही सेकंदांनी ‘टक्’ वाजून बंद पडला, तर ओव्हरलोडने वीज तोडली आहे. यामागे तीन कारणे असू शकतात: व्होल्टेज कमी असणे, सुरुवात करून देणारा रिले खराब होणे किंवा कॉम्प्रेसर जाम होणे. रिले स्वस्त आहे, कॉम्प्रेसर हजारोंचा. घरातले दिवे मंद नसतील आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच घडले, तर मेकॅनिकने निदान केल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ही पाच मिनिटे थांबणे आवश्यक आहे. नुकताच बंद केलेला चांगला कॉम्प्रेसरही लगेच लावला तर सुरू होत नाही, कारण आतला दाब उतरलेला नसतो.

चालू असतानाचे आवाज वेगवेगळे ओळखता येतात. फ्रीझरकडून येणारी खळखळ किंवा सुस्कारा वाहत्या गॅसचा असतो आणि तो असायलाच हवा. अधूनमधून प्लास्टिक कडकते, तेही थंडीने आकसल्यामुळे. मागून सतत खडखड येत असेल, तर हात पुढे करून नळी किंवा जाळी हलकेच दाबावी. आवाज थांबला तर कंपनाने एक नळी दुसरीला लागते आहे, एवढाच त्याचा अर्थ. कॉम्प्रेसर आत स्प्रिंगवर टांगलेला असतो. ती स्प्रिंग तुटली की चालताना धातू धातूवर आपटल्यासारखा ठोका येतो, आणि बंद होताना मोठा धडक आवाज होतो. हा आवाज दाबून जात नाही आणि कॉम्प्रेसर बदलल्याशिवाय थांबतही नाही. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचे मात्र वेगळे असते. तो हळूहळू वेग घेतो, आवाजाची पट्टी बदलत राहतो आणि फारसा थांबत नाही.

पाच-दहा मिनिटांत मागची जाळी किंवा बाजूचे पत्रे कोमट लागू लागतात, आणि फ्रीझरच्या पत्र्याला बोट लावले तर ते गार लागते. अर्ध्या तासाने फ्रीझर उघडून टॉर्च मारावा. संपूर्ण तपासणीत सर्वांत जास्त सांगणारा क्षण हाच. गॅस पुरेसा असेल तर पांढऱ्या दवाचा पातळ थर डब्याच्या सगळ्या पृष्ठभागावर जवळजवळ सारखा पसरलेला दिसतो. गॅस कमी असेल तर तो जिथून आत येतो तेवढ्याच भागावर जाड दव धरते आणि बाकीचा पत्रा नुसता ओलसर राहतो. जाळीही नीट गरम होत नाही. दव आधी धरून मग विरघळले आणि गॅसचा आवाज थांबला, तर बारीक नळीत काहीतरी अडकले आहे. कॉम्प्रेसर चटका बसेल असा तापला, पण जाळी जेमतेम कोमट आणि फ्रीझर तसाच, असे दिसले तर कॉम्प्रेसरची दाब देण्याची ताकद गेलेली असू शकते. आणि मागे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या नळीवर बाहेरून बर्फ जमला, तर गॅस गरजेपेक्षा जास्त भरला आहे. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ नसेल, तर बाकी सारे सोडून निदान हे दव तरी पाहावे.

रिकामा फ्रिज तीसेक अंशांच्या खोलीत साधारण दीड-दोन तासांत मधल्या कप्प्यात दहा अंशांच्या खाली यावा. विदर्भातल्या उन्हाळ्यात खोलीच चाळीसच्या आसपास असते, तेथे वेळ जास्त लागणारच. दार सारखे उघडून पाहिले तर आतली हवा प्रत्येक वेळी गरम होते, म्हणून सेन्सरची बारीक वायर रबराखालून बाहेर काढून आकडा बाहेरच वाचावा. दोन तासांनी दार उघडून लावावे आणि लगेच पुन्हा उघडावे. आत शिरलेली गरम हवा गार होऊन आकसते, त्यामुळे दुसऱ्या वेळी दार घट्ट ओढलेले जाणवते. नोटेची परीक्षा पास झालेल्या रबराची ही दुसरी खातरी.

शेवटी थर्मोस्टॅट. बटण सर्वांत कमी थंडीवर आणले की गार झालेल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबला पाहिजे. तो थांबला नाही तर वीजबिल फुगवणारा फ्रिज घरी येईल. थांबल्यावर पाच मिनिटे जाऊ द्यावीत, बटण पुन्हा वाढवावे, आणि कॉम्प्रेसर पहिल्याच प्रयत्नात सुरू होतो का ते ऐकावे. गरम कॉम्प्रेसरचे हे दुसऱ्यांदा सुरू होणे पहिल्यापेक्षा अवघड असते आणि म्हातारे कॉम्प्रेसर येथेच अडखळतात.

दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये दव पडद्यामागे असते, दिसत नाही. तेथे झरोक्यांतून गार हवा येते का आणि पंखा बर्फाला घासत नाही ना, एवढेच दोन तासांत कळते. त्याचा बर्फ वितळवणारा हीटर बिघडला असेल, तर ते कळायला काही दिवस जातात. म्हणून असा फ्रिज निदान पंधरा दिवसांच्या लेखी हमीशिवाय घेऊ नये.

एक उदाहरण घेऊ. समजा, रत्नागिरीत सात वर्षांचा १९० लिटरचा फ्रिज साडेपाच हजारांना आहे. सकाळी दहाला तो बंद, खोली ३० अंश. दाराची खालची कड आणि पाय गंजलेले, पण चौकट स्वच्छ, मागचे जोड कोरडे. बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यात नोट सुटते आणि दार उचलले तर किंचित हलते. सव्वादहाला फ्रिज लावला. सुरुवात सरळ, आवाज एकसारखा. पावणेअकराला दव डब्याभर सारखे. सव्वाबाराला थर्मामीटरवर ९ अंश. बटण कमी केल्यावर कॉम्प्रेसर थांबला आणि पाच मिनिटांनी पुन्हा सुरू झाला. येथे दोष दोनच, बुशिंग आणि रबर, आणि दोन्ही बाहेरचे. त्यांचा खर्च व मजुरी वजा करून साडेचार हजारांच्या आसपास हा फ्रिज घेण्यासारखा आहे. हाच फ्रिज बाहेरून नवा दिसत असता, रबरही घट्ट असते, पण दव फक्त अर्ध्या डब्यावर धरले असते, तर तो दोन हजारांनाही घेऊ नये. गळती शोधणे, ती बुजवणे, ज्वलनशील गॅस जाणकाराकडून भरून घेणे, एवढे करूनही तो किती दिवस टिकेल हे कोणी सांगू शकत नाही.

सौदा ठरला तर फ्रिज उभाच न्यावा. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत जाते. उभा आणलेला फ्रिज दोनेक तास आणि आडवा आणलेला शक्यतो पूर्ण दिवस तसाच ठेवून मग लावावा. पहिल्या रात्री मधल्या कप्प्यात पाण्याचा पेला ठेवून सकाळी थर्मामीटर त्यात बुडवावा. पाणी ३ ते ५ अंशांवर असले की फ्रिज भरायला हरकत नाही. ते १० अंशांच्या वर राहिले, तर सामान न भरता त्याच दिवशी विकणाऱ्याला कळवावे.